तेरा मायक्रॉनचा हिशेब

पाण्याच्या पंपात, मोटारीत, लहानमोठ्या गिअरबॉक्समध्ये सर्रास दिसणारं एक बेअरिंग आहे, नंबर ६२०६. त्याचं आतलं भोक ३० मिलिमीटरचं. ज्या शाफ्टवर ते बसवायचं तो मात्र बरोबर ३० मिलिमीटरचा करून भागत नाही. तो किंचित जाड लागतो, म्हणजे बेअरिंगची आतली रिंग शाफ्टला घट्ट धरून बसते. ड्रॉइंगवर तिथे बऱ्याचदा ‘३० के ६’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की शाफ्ट ३०.००२ पेक्षा कमी नको आणि ३०.०१५ पेक्षा जास्त नको. या दोन आकड्यांमधली जागा तेरा मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो; त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शात हा शाफ्ट उतरवायचा आहे.

ग्राइंडिंग मशीन चांगलं असेल आणि त्यावर मुरलेला ऑपरेटर असेल तर हे रोजचं काम आहे, त्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. पण शाफ्ट बरोबर उतरला की नाही हे सांगायचं मायक्रोमीटरने. आणि तो बिचारा दिवसभर कूलंट, दगडाचा बुरा, घामट हात आणि घाई यांच्यात वावरत असतो.

औद्योगिक वसाहतींमधल्या बऱ्याच कारखान्यांत शिफ्ट सुरू होताना पाच-दहा मिनिटं सगळे मशीनजवळच उभे राहतात आणि सुपरवायझर एखाद्या विषयावर बोलतो. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. खुर्च्या नाहीत, पडदा नाही, हत्यारांच्या पेटीशेजारी उभ्याउभ्या बोलणं. विषय बहुतेक वेळा सुरक्षेचा असतो: हातमोजे, गॉगल, गार्ड काढून मशीन चालवू नका. मोजमापाच्या साधनांची पाळी क्वचित येते, आणि आली की बोलणं ‘साधनं जपून वापरा, महाग आहेत’ एवढ्यावर आटोपतं. मला हे कारणच चुकीचं वाटतं. महाग तर मशीनही असतं. ड्रिल तुटलं की कळतं, इन्सर्ट झिजला की मशीनच्या आवाजावरून आणि जॉबच्या चकाकीवरून कळतं. मायक्रोमीटर बिघडला तर काहीच कळत नाही. तो पूर्वीइतक्याच ठामपणे आकडा दाखवत राहतो, फक्त तो आकडा खोटा असतो. टूलबॉक्स टॉकची दहा मिनिटं या एका गोष्टीवर खर्च झाली तरी पुष्कळ झालं.

हे तोंडाने सांगून पटत नाही. करून दाखवावं लागतं, आणि दाखवणं सोपं आहे. भोसरीकडच्या एका लहान शॉपमध्ये सुपरवायझरने जे केलं ते कुठल्याही कारखान्यात करता येईल.

त्याने २५ ते ५० मापाचा मायक्रोमीटर घेतला. या मापाच्या मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं कधीच एकमेकांना टेकत नाहीत. पूर्ण बंद केला तरी मध्ये पंचवीस मिलिमीटरची जागा राहते. म्हणून त्याच्या पेटीत एक लहान दांडी असते, सेटिंग रॉड, बरोबर २५ मिलिमीटर लांब. ती दांडी तोंडात धरली की आकडा २५.००० यायला हवा. तो आला म्हणजे ‘झिरो’ बरोबर. कूलंटच्या टाकीकाठचा करडा गाळ सुपरवायझरने बोटाच्या टोकावर घेतला आणि स्थिर तोंडावर, म्हणजे अ‍ॅन्व्हिलवर, हलकाच फिरवला. नुसत्या डोळ्यांना तिथे डाग आहे इतकंच दिसत होतं. मग दांडी लावून, पान्याने स्लीव्ह फिरवून झिरो जुळवला. आकडा २५.०००. सगळ्यांनी पाहिला.

नंतर त्याने तोंडं स्वच्छ पुसली आणि क्वालिटी रूममधून मोजून आणलेला एक शाफ्ट लावला. शाफ्टचं खरं माप ३०.०१९ होतं, म्हणजे चार मायक्रॉनने जाड, रिजेक्ट. मायक्रोमीटरने दाखवलं ३०.०१३.

‘‘पास आहे की साहेब,’’ एक ट्रेनी म्हणाला.

‘‘पास आहे ना? मग आता दांडी परत लाव.’’

दांडी लावली. आकडा आला २४.९९४.

गाळाचा थर सहा मायक्रॉनचा होता. झिरो जुळवताना तो थर दांडीत मिसळला, म्हणून २५.००६ च्या अंतराला मायक्रोमीटर २५.००० समजून बसला. थर पुसला गेला आणि त्यानंतरचं प्रत्येक माप सहा मायक्रॉनने कमी दिसू लागलं. तेरा मायक्रॉनच्या जागेत सहा मायक्रॉनचं खोटं म्हणजे जवळजवळ निम्मी जागा गेली. नुसतं तेल असतं तर तोंडं दाबताना बरंचसं बाजूला सरकलं असतं. दगडाचे कण सरकत नाहीत, ते मध्येच अडकून राहतात. ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये म्हणूनच जास्त जपावं लागतं.

त्या ३०.०१९ च्या शाफ्टचं पुढे काय होतं हेही त्या पोरांना सांगायला हवं. साध्या दर्जाच्या ६२०६ बेअरिंगचं भोक ३० मिलिमीटरपासून खाली दहा मायक्रॉनपर्यंत लहान असू शकतं. योग्य शाफ्टवर ते जास्तीत जास्त पंचवीस मायक्रॉन ताणून बसतं. या शाफ्टवर एकोणतीस मायक्रॉनपर्यंत ताणलं जाईल. आतली रिंग ताणली की गोळ्यांना फिरायला ठेवलेली मोकळी जागा कमी होते, आणि बसवण्याआधी ती जागा मुळात असते पाच ते वीस मायक्रॉन. बेअरिंग बसतं, पंप चालतो, गिऱ्हाईक पैसे देतं. काही महिन्यांनी पंप गरम व्हायला लागतो, आवाज करतो, आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्याच्या माथी जातो.

उलटंही घडतं. झिरो स्वच्छ तोंडांवर जुळवला आणि घाण नंतर बसली, तर प्रत्येक माप जास्त दिसतं. चांगला ३०.०१२ चा शाफ्ट ३०.०१८ दिसतो, ऑपरेटर आणखी एक कट घेतो. आणि बरोबर ३०.००० चा, म्हणजे सैल शाफ्ट, ३०.००६ दाखवून बिनबोभाट पास होतो.

पुसायचं कसं, यावर शॉपमध्ये जितकी माणसं तितकी मतं असतात. सगळ्यांत वाईट पद्धत सगळ्यांत लोकप्रिय आहे: एअर गन. जॉबवर हवा मारतो तशी मायक्रोमीटरवर मारायची. तोंडं लख्ख दिसतात खरी, पण हवेच्या जोराने बारीक बुरा स्पिंडलच्या कडेने आत, थिंबलच्या खाली असलेल्या आट्यांत जातो. मायक्रोमीटरचं सगळं अचूकपण त्या आट्यांत आहे. सन १८४८ मध्ये पॅरिसच्या जाँ लोराँ पामरने या साधनाचं पेटंट घेतलं तेव्हापासून युक्ती तीच आहे: स्क्रू एक फेरा फिरला की ठरावीक अंतर पुढे जातो, आणि तो फेरा मोठ्या गोलावर मोजायचा. आजच्या नेहमीच्या मायक्रोमीटरमध्ये एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर. त्या आट्यांत दगडाचा बुरा गेला की प्रत्येक फेऱ्याला ग्राइंडिंग चालू, तेही फुकटात.

दुसरं साधन कॉटन वेस्ट. ते मशीनला ठीक आहे. त्याचे धागे तुटून तोंडावर राहतात आणि त्यात आधीच्या पुसण्यातली चिप असली तर ओरखडा पडतो. मऊ, धागे न सोडणारं स्वच्छ कापड लागतं, आणि ते फक्त मापाच्या साधनांसाठी वेगळं ठेवलेलं. तोंडांसाठी जुनी आणि खात्रीची रीत कागदाची आहे. स्वच्छ, न चुरणाऱ्या कागदाची पट्टी तोंडांमध्ये ठेवायची, रॅचेटने हलकं बंद करायचं आणि पट्टी सावकाश ओढून काढायची. पट्टीवर करडी रेघ उमटली तर दुसरी जागा घेऊन पुन्हा, रेघ येईनाशी होईपर्यंत. शेवटी उजेडाकडे धरून कागदाचा तंतू राहिला नाही ना हे पाहायचं. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरची तोंडं एकमेकांना भेटत नसल्याने तिथे दांडी मध्ये धरून एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हेच करायचं. दांडीची दोन टोकंही त्यातच पुसली जातात. दांडीवरचा बोटाचा ठसा विसरला तर सगळी मेहनत वाया. चिकट कूलंट वाळून बसलं असेल तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावं. डिजिटल साधनाच्या प्लॅस्टिकवर थिनर कधीच नको. काच धुरकट होते आणि आकडा वाचता येत नाही.

माप घेतानाची एक खोड इथेच सांगायला हवी, कारण तिचा संबंध जपण्याशी आहे. मायक्रोमीटरच्या शेपटाला रॅचेट असतं. ते फिरवलं की ठरावीक दाबाला कट्-कट् वाजून सरकतं. हा दाब साधारण पाच ते दहा न्यूटन, म्हणजे अर्धा ते एक किलो वजनाचा. जुने लोक रॅचेट वापरत नाहीत, थेट थिंबल आवळतात. ‘आमच्या बोटांना कळतं’ असं म्हणतात, आणि काहींना खरंच कळतं, हे मान्य करायला हवं. पण अर्ध्या मिलिमीटरचा आटा आणि अठराएक मिलिमीटर जाडीचं थिंबल म्हटलं की बोटाचा जोर, घर्षण सोडून दिलं तर, शंभरपटीहून जास्त होऊन तोंडांवर येतो. फ्रेम इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूने उघडी. ती थोडी फाकते, आणि फाकली तेवढं माप कमी दिसतं. शिवाय एक माणूस आवळतो तेवढं दुसरा आवळत नाही, मग पहिल्या पाळीचा पास शाफ्ट दुसऱ्या पाळीत रिजेक्ट होतो आणि भांडण मशीनवर जातं. रॅचेटचे तीन कट् प्रत्येकाचे सारखे असतात, त्यात हुशारीचा प्रश्न येत नाही. आणि जॉब फिरत असताना मायक्रोमीटर लावणं तर दोन्ही अर्थांनी महागात पडतं: तोंडं झिजतात आणि हात जाऊ शकतो.

बोलण्याच्या मध्येच एक काका म्हणाले, ‘‘साहेब, हे सगळं खरं. पण सकाळी पास झालेला माल संध्याकाळी कमी का भरतो? मायक्रोमीटर तोच, माणूस तोच.’’

प्रश्न अस्सल होता. उत्तर उष्णतेत आहे. पोलाद एक अंश तापलं की दर मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३० मिलिमीटरचा शाफ्ट दहा अंशांनी गरम असेल तर तो साडेतीन मायक्रॉनने फुगलेला असतो. टर्निंगवरून नुकताच काढलेला, हाताला चटका देणारा, चाळीस अंशांनी जास्त गरम शाफ्ट जवळजवळ चौदा मायक्रॉन फुगतो. म्हणजे तेरा मायक्रॉनची सगळी जागा नुसत्या उष्णतेने खाल्ली. तो गरम असताना ३०.०१० दिसला म्हणून ट्रेमध्ये टाकला तर थंड झाल्यावर २९.९९६ भरणार. काकांचा माल असाच कमी भरत होता.

मापं २० अंशांवर खरी मानायची असं १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली अडतीस अंश असताना हे ऐकून हसू येईल. पण घाबरायचं कारण नाही. शाफ्ट पोलादी, मायक्रोमीटर पोलादी, दांडीही पोलादी, आणि तिन्ही सारखेच तापलेले असतील तर तिन्ही सारखेच फुगतात आणि फरक जवळजवळ मिटतो. नडते ती तफावत. मशीनच्या हेडस्टॉकवर ठेवलेला मायक्रोमीटर गरम, पेटीतली दांडी गार आणि कूलंटमधून काढलेला जॉब त्याहून गार, अशी तीन तापमानं एकत्र आली की हिशेब बिघडतो. म्हणून एका टेबलावर, उन्हापासून आणि कॉम्प्रेसरपासून दूर, तिघांनाही काही वेळ शेजारी पडू द्यायचं आणि मग मोजायचं. मायक्रोमीटर फ्रेमवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला धरायचा, मुठीत पकडून गप्पा मारायच्या नाहीत. जॉब अॅल्युमिनियमचा असेल तर मात्र ही सवलत मिळत नाही, कारण अॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं. अडतीस अंशांच्या शेडमध्ये ३० मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या जॉबचं माप, सगळं एकाच तापमानाला असूनही, सहा मायक्रॉनने जास्त दिसतं. असा जॉब बारीक टॉलरन्सचा असेल तर तो एसी असलेल्या क्वालिटी रूममध्येच मोजलेला बरा.

पाळी संपतानाची दोन मिनिटं सगळ्यांत हलगर्जीपणाची. घंटा वाजली की मायक्रोमीटर ड्रॉवरमध्ये, कानशी आणि अ‍ॅलन-कीच्या सोबतीला. तिथे त्याला फार काही करावं लागत नाही. ड्रॉवर जोराने बंद झाला की बाकीची हत्यारंच काम करतात. पेटी असते ती यासाठीच. पण पेटीलाही एक खोट आहे. तिच्या आतला फोम कूलंट शोषून घेतो. ओला मायक्रोमीटर चार दिवस तसाच ठेवला की फोम ओला राहतो आणि पाचव्या दिवशी पुसून ठेवलेल्या मायक्रोमीटरलाही गंज चढतो. चिपळूणजवळचं लोटे असो की गोव्यातलं वेर्णा, पावसाळ्यात ही गोष्ट दरवर्षी दिसते. लोक तेलाला दोष देतात, फोमकडे कुणी पाहत नाही. फोम ओला लागला तर उन्हात वाळवावा, नाही वाळला तर बदलावा, आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी.

ठेवण्याआधी घाम आणि कूलंट पुसायचं, पातळ गंजरोधक तेल लावलेलं कापड स्पिंडलवरून एकदा फिरवायचं. तेल टपकायला लागलं तर ते जास्त झालं. जास्तीचं तेल धूळ धरतं. लॉक सैल सोडायचं. शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर असेल तर तोंडं मिटवून ठेवायची नाहीत, मध्ये थोडी फट ठेवायची. रात्री गारवा, दुपारी ऊन, अशा चढउतारात मिटलेली तोंडं एकमेकांवर दाब धरतात, आणि मध्ये अडकलेला ओलावा तिथेच गंज चढवतो. डिजिटल साधन महिनोन्‌महिने वापरायचं नसेल तर त्याची बॅटरी काढून ठेवावी, कारण ती गळली तर आतली पाटी खराब होते.

ग्राइंडिंगवाल्यांसाठी आणखी एक. मशीनच्या मॅग्नेटिक चकवर किंवा डायलच्या मॅग्नेटिक स्टँडजवळ मायक्रोमीटर ठेवला की तो थोडासा चुंबकी होतो. मग तोंडं कितीही पुसली तरी लोखंडाचा बुरा पुन्हा येऊन चिकटतो आणि माणूस कापडाला दोष देतो. पातळशी पिन तोंडाजवळ नेऊन पाहावी. ती ओढली गेली तर तो डीमॅग्नेटाइझ करायला पाठवावा.

व्हर्निअर आणि डायलबद्दल थोडक्यात. व्हर्निअरची दोन्ही जबडी मिटवून उजेडासमोर धरली तर झिजलेल्या जागेतून प्रकाशाची रेघ दिसते. काही मायक्रॉनची फटही डोळ्यांना दिसते, म्हणून ही चाचणी फुकट आणि चांगली आहे. त्याच्या टोकांनी जॉबवर रेघा ओढल्या की नेमकी टोकंच झिजतात. डायल गेजचा प्लंजर अडखळला म्हणून त्याला तेल घालणारे पुष्कळ भेटतात. दोन दिवस तो सुरेख चालतो. मग तेलात धूळ बसते आणि काटा मध्येच थांबायला लागतो. प्लंजर कोरडाच पुसायचा.

आता पडण्याबद्दल. मायक्रोमीटर हातातून पडतोच कधीतरी. काँक्रीटवर पडलेला मायक्रोमीटर उचलल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? दांडी लावून पाहतो. आकडा २५.००३ आला तर पान्याने झिरो जुळवून मोकळा होतो. हीच सगळ्यांत धोक्याची दुरुस्ती आहे. झिरो जुळला म्हणजे मायक्रोमीटर त्या एका ठिकाणी, पंचवीसवर, खरं बोलायला लागला एवढंच. फ्रेम किंचित वाकून तोंडं एकमेकांना समांतर राहिली नसतील, किंवा आट्याला मार बसला असेल, तर तीसवर तो काय सांगेल याची हमी नाही.

शॉपमध्येच याचा अंदाज घेता येतो. पूर्ण प्रवासभर थिंबल हळू फिरवायचं. एखाद्या जागी जड किंवा सैल लागलं तर आट्यात गडबड आहे. दांडी पाच वेळा लावून पाहायची. आकडे दोन मायक्रॉनहून जास्त विखुरले तर पुढे मोजण्यात अर्थ नाही. मग एक लहान स्टीलची गोळी किंवा पिन तोंडांच्या मध्यावर आणि नंतर चारी कडांकडे धरून मोजायची. शून्य ते पंचवीसच्या मायक्रोमीटरला हे सोपं जातं. मोठ्या मापाला योग्य आकाराची गोळी लागते. मध्यावर एक आणि कडेला दुसराच आकडा येत असेल तर तोंडं तिरकी झाली आहेत.

खरी परीक्षा क्वालिटी रूममध्ये स्लिप गेजवर होते, आणि तिथल्या मापांचे आकडे पाहून नवे लोक गोंधळतात. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरसाठी २७.५, ३०.१, ३२.७, ३५.३, ३७.९ अशी विचित्र मापं निवडतात. सरळ तीस, पस्तीस, चाळीस का नाही? कारण आटा अर्ध्या मिलिमीटरचा. तीस आणि पस्तीसवर थिंबल दर वेळी शून्यावरच थांबतं, म्हणजे फेऱ्याची एकच जागा पुन्हापुन्हा तपासली जाते. २७.५ नंतर ३०.१ घेतलं की थिंबल पाचव्या हिश्शाने पुढे असतं, ३२.७ वर आणखी पाचव्या हिश्शाने. असं करत सगळा फेरा तपासून होतो. पडल्यामुळे किंवा बुऱ्यामुळे झालेली खराबी एका फेऱ्याच्या एखाद्याच भागात असेल तर ती तीस-पस्तीसवर सुखाने लपून राहिली असती.

पण मायक्रोमीटर क्वालिटी रूममध्ये पोहोचण्याआधी कुणीतरी ‘पडला’ असं म्हणावं लागतं. बऱ्याच ठिकाणी पडलेल्या साधनाचे पैसे पगारातून कापतात. माझ्या मते एवढा महागडा नियम दुसरा नाही. कापणार हे माहीत असलं की माणूस मायक्रोमीटर पुसून, झिरो जुळवून, गुपचूप पेटीत ठेवतो. स्टिकरवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख सहा महिन्यांनंतरची असते, आणि ते स्टिकर काल दुपारी काय झालं हे सांगू शकत नाही.

त्या शॉपमध्ये यावर एक सोपी व्यवस्था आहे. इन्स्पेक्शन टेबलाच्या टोकाला लाल ट्रे आहे. पडलेलं, शंका आलेलं, जड फिरणारं साधन त्यात ठेवायचं आणि बदली साधन घेऊन कामाला लागायचं. कुणी ठेवलं हे विचारायचं नाही. फक्त वेळ लिहायची, आणि वेळ लिहायची कारण त्यामागे मोठं काम असतं. मायक्रोमीटर खोटा निघाला तर त्याने मोजलेला माल परत मोजावा लागतो, आणि किती माल ते ठरतं शेवटची दांडी कधी बरोबर लागली होती त्यावरून. समजा तासाला चाळीस शाफ्ट होतात. दांडी फक्त पाळीच्या सुरुवातीला लावली असेल आणि बिघाड पाळीच्या शेवटी कळला, तर आठ तासांचे तीनशे वीस शाफ्ट संशयित. दर दोन तासांनी दांडी लावून वहीत नोंद केली असेल तर ऐंशी. म्हणून तिथे प्रत्येक मशीनजवळ लटकवलेल्या वहीत तीनच रकाने आहेत: वेळ, दांडीचा आकडा, सही. ज्या मायक्रोमीटरची तोंडं झिजली आहेत पण बाकी ठीक आहे, तो फेकून देत नाहीत. त्याच्या फ्रेमला पिवळी पट्टी लावून रफ टर्निंगकडे पाठवतात, जिथे दशांश मिलिमीटरचा फरक चालतो. पिवळ्या पट्टीचा मायक्रोमीटर ग्राइंडिंगच्या टेबलावर दिसला तर तो उचलून परत नेण्याचा अधिकार झाडू मारणाऱ्या मावशींनाही आहे.